डोंगराचा पायथा खणू नका : ग्रामपंचायतीला एका भूवैज्ञानिकाचे पत्र

मा. सरपंच व सर्व सदस्य यांस,



गावामागच्या डोंगराच्या पायथ्याशी दगडखाण सुरू करण्याच्या अर्जावर आपण माझे मत मागवलेत. डोंगर पाहून आलो. ही परवानगी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सांगतो.

सह्याद्रीतला आपला काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. लाव्हाचे लोट एकावर एक थिजत गेले. दोन लोटांमध्ये बराच काळ गेला, तिथे खालच्या लोटाचा माथा झिजून तांबड्या, मऊ मातीचा थर तयार झाला. पावसाचे पाणी वरच्या कातळाच्या भेगांतून उतरते, या तांबड्या थरावर अडते आणि आडवे वाहत उतारावर बाहेर पडते. तुमचा बारमाही झरा नेमका अशाच ठिकाणी आहे.

त्या झऱ्याखालचा उतार मात्र अखंड खडकाचा नाही. वरून घसरून आलेली माती, मुरूम आणि सुटे दगड तिथे साचले आहेत. हा ढीग पायथ्याच्या वजनावर तोलून उभा आहे. पोत्यांच्या थप्पीतले खालचे पोते ओढावे, तसे खाणीने होईल. आजचा तिरका उतार कापून उभी कड तयार होईल आणि वरच्या ढिगाचा आधार जाईल. सुरुंगाच्या हादऱ्यांनी कातळाच्या भेगा रुंदावतील, मग पावसाचे पाणी जास्त वेगाने आत शिरेल. मुरमात पाणी भरले की त्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो, त्यांची पकड सुटते. उन्हाळ्यात भक्कम दिसणारी कड अशा वेळी काही क्षणांत कोसळू शकते.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर मुसळधार पावसात डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. तिथला आणि तुमचा डोंगर तंतोतंत एकसारखा नाही. पण झिजलेला उतार, अतिवृष्टी आणि पायथ्याला वस्ती या तिन्ही गोष्टी तुमच्याकडेही आहेत.

रस्त्याला, घरांना दगड लागतो, हे मला मान्य आहे. तो वस्ती आणि झऱ्यापासून दूर, सपाटीवरच्या अखंड कातळातून, पायऱ्या-पायऱ्यांनी काढावा. जागा ठरवण्यापूर्वी भूवैज्ञानिक तपासणी करून घ्यावी.

खाण झाली नाही, तरी पावसाळ्यात डोंगरावर नजर ठेवा. माथ्याजवळ नवी भेग पडली, झाडे किंवा खांब कलले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले किंवा आटले, तर पायथ्याची घरे लगेच रिकामी करा आणि तहसील कार्यालयाला कळवा. पाऊस थांबला म्हणून लगेच परतू नका. मुरलेले पाणी नंतरही उतार ढकलत राहते.

ग्रामसभेत हा अर्ज नामंजूर करावा आणि झऱ्यापासून पायथ्यापर्यंतच्या पट्ट्यात कसलेही खोदकाम न करण्याचा ठराव करावा, ही विनंती.

आपला,
एक भूवैज्ञानिक