शेवटच्या दिवसाचा मेल

नोकरी सोडणाऱ्याचं ऑफिसचं मेलखातं शेवटच्या दिवशीच बंद होतं. काही कंपन्यांत लॅपटॉप जमा केला की लगेच, तर काही ठिकाणी एचआरने आधीच टाकून ठेवलेल्या वेळेला आपोआप. तरीही बहुतेक लोक निरोपाचा मेल पाठवतात तो संध्याकाळी साडेपाचला, ओळखपत्र गळ्यातून काढायच्या बेतात असताना. सहाला खातं बंद होतं. सातला कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी तो मेल उघडतं, ‘अरे, न सांगता चाललास?’ असं लिहितं आणि त्याला उत्तर येतं ते यंत्राचं: हा पत्ता अस्तित्वात नाही.

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. हा मेल सकाळी अकराच्या सुमाराला जावा. मग जेवणाच्या सुट्टीत लोक टेबलाशी येऊन भेटतात, उत्तरं येतात, ती वाचायला आणि दोन ओळी परत लिहायला दुपार हाताशी राहते. आधल्या दिवशी पाठवला तर शेवटच्या दिवशी काम होत नाही, आणि हँडओव्हर अर्धा राहिला तर साहेबांचा चेहरा बघवत नाही.

दुसरा प्रश्न असा की हा मेल ‘सगळ्यांना’ जाणार कसा? बहुतेक कंपन्यांत सर्व कर्मचाऱ्यांचा एक सामायिक पत्ता असतो. तो टाकला की मेल एका फटक्यात सगळीकडे जातो, पण बऱ्याच ठिकाणी त्या पत्त्यावर लिहायची परवानगी फक्त एचआर किंवा जनसंपर्क विभागाला असते. इतरांचा मेल परत येतो, नाहीतर मंजुरीसाठी कुणाच्या तरी पेटीत पडून राहतो. तो मंजूर होईपर्यंत तुम्ही घरी पोचलेले असता. हे आठवडाभर आधी एचआरला विचारून ठेवावं. परवानगी मिळणार नसेल, तर ज्यांच्याशी खरोखर काम पडलं त्यांची यादी आपणच करावी आणि ती Bcc या रकान्यात टाकावी. To मध्ये फक्त स्वतःचा पत्ता.

Bcc कशासाठी, तर रिप्लाय ऑलसाठी. Bcc मधल्या माणसाने चुकून ‘सगळ्यांना उत्तर’ दाबलं तरी ते फक्त पाठवणाऱ्याकडे येतं, बाकीच्या आठशे जणांकडे जात नाही. ही भीती काल्पनिक नाही. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एक साधा चाचणी मेल चुकून सुमारे ८ लाख ४० हजार कर्मचाऱ्यांना गेला. ‘मला या यादीतून काढा’ असं लोक सगळ्यांनाच कळवत सुटले आणि दिवसभर त्या यंत्रणेचं कंबरडं मोडलं. मे २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या मेलसेवेत अशा वादळाला आपोआप अडवणारी सोय आणली, पण तिची पहिली मर्यादा होती पाच हजारांहून जास्त जणांना गेलेल्या मेलची. आठशे माणसांच्या कारखान्यात तिचा काय उपयोग? तिथे ‘ऑल द बेस्ट!!’चे साठ मेल सगळ्यांनाच सोसावे लागतात.

आता मजकूर. समजा, चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात आठ वर्षं काम केलेल्या बाई शुक्रवारी नोकरी सोडताहेत. त्यांचा पहिला खर्डा असा होता: आज माझा शेवटचा दिवस, इथला प्रवास अविस्मरणीय होता, खूप शिकायला मिळालं, सर्वांचे मनापासून आभार, संपर्कात राहूया. यात खोटं काहीच नाही. पण हा मेल त्यांच्याऐवजी डिस्पॅचमधल्या कुणीही, अगदी कालच लागलेल्या ट्रेनीनेही, एक अक्षर न बदलता पाठवला असता. शिवाय ‘संपर्कात राहूया’ म्हटलं, पण संपर्क कुठे साधायचा ते लिहायचंच राहिलं.

दुसऱ्या खर्ड्यात त्यांनी विषयाच्या ओळीत स्वतःचं पूर्ण नाव, विभाग आणि ‘निरोप’ हा शब्द टाकला. सहा महिन्यांनी कुणाला त्यांचा नंबर हवा असेल तर तो नावाने शोधणार. विषयात नुसतं ‘गुडबाय’ असेल तर तसले वीस मेल पुढ्यात येतात. पहिल्या परिच्छेदात दोनच वाक्यं: आज शेवटचा दिवस, आणि सोमवारपासून कास्टिंग व फोर्जिंगच्या ऑर्डरी कोण बघणार, त्यांचं नाव आणि एक्स्टेन्शन. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना बाईंबद्दल जिव्हाळा असेल, उरलेल्यांना आपली अडकलेली ऑर्डर महत्त्वाची असते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

मग आभार. हा भाग त्यांनी असा लिहिला (नावं इथे गाळली आहेत):

‘ऑगस्ट २०१९च्या महापुरात कोल्हापूरहून येणारे कास्टिंगचे ट्रक महामार्गावर अडकले होते. त्या रात्री स्टोअर्सच्या साहेबांनी रॅकवरचा शिल्लक माल स्वतः हाताने मोजून मला आकडे दिले. सिस्टीममधले आकडे आणि ते आकडे वेगळे निघाले, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच उत्पादनाचं वेळापत्रक बदलून घेता आलं. फायनान्सच्या ताईंनी पुरवठादाराची बिलं आणि जीएसटीच्या पोर्टलवरची नोंद ओळीओळीने कशी जुळवायची ते शेजारी बसवून शिकवलं. त्यानंतर माझी बिलं क्वचितच परत आली.’

असे आभार वाचताना बघा काय होतं. स्टोअर्सचे साहेब त्या रात्री काय करत होते हे असेंब्लीतल्या लोकांना तोवर माहीतच नव्हतं. आता आठशे जणांना कळलं, आणि त्यांचे वरिष्ठही त्यात आले. कुणी काय केलं, कधी केलं आणि त्यामुळे काय टळलं किंवा जमलं, एवढं आलं की काम झालं. ‘सदैव मदतीला तत्पर’ यासारखं विशेषण मग लागत नाही.

पण नेमकेपणाचीही एक गोम आहे. बाईंच्या मधल्या खर्ड्यात आणखी एक वाक्य होतं: कागद अपुरे असतानाही अमुक सरांनी विश्वासाने बिल पास करून दिलं, हे कधी विसरणार नाही. हेतू चांगला होता. पण हे वाक्य अंतर्गत ऑडिटवाल्यांच्याही पेटीत पडणार होतं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने ते वाचलं आणि हसत हसत म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही चाललात, सरांना इथेच राहायचंय.’ वाक्य गेलं. कुणी आपल्यासाठी नियम वाकवला असेल, तर त्याचे आभार चहाच्या टपरीवर मानावेत. कुणाचं आजारपण, घरातला ताण, कुणी कधी उसने दिलेले पैसे, हेही त्याच हिशेबात.

किती जणांची नावं घ्यायची? सगळ्यांना जाणाऱ्या मेलमध्ये तीन ते पाच, असं माझं मत. वीस नावं घेतली की ती लग्नपत्रिकेतल्या ‘आमचे येथे’खालच्या यादीसारखी होतात, कुणी वाचत नाही, पण आपलं नाव नाही हे मात्र प्रत्येक जण बरोबर शोधतो. उरलेल्यांना त्याच दिवशी वेगळा दोन ओळींचा मेल करावा. तो लिहायला जास्त वेळ लागतो, पण जपून ठेवला जातो तोच.

संपर्काच्या तपशिलात लोक सगळ्यात जास्त फसतात. बाईंनी आधी लिहिलेला मोबाइल नंबर होता कंपनीच्या योजनेतल्या सिमचा. आठ वर्षं तोच वापरात, त्यामुळे तो आपलाच वाटायला लागलेला. प्रत्यक्षात त्याची मालकी कंपनीची. तो स्वतःच्या नावावर करून घ्यायचा तर कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं, आणि ते मागायची वेळ राजीनामा दिल्यावर लगेच असते, शेवटच्या शुक्रवारी नव्हे. तोच नंबर बँकेला, आधारला आणि पीएफच्या खात्याला जोडलेला असेल तर प्रश्न निरोपाच्या मेलपुरता राहत नाही. ओटीपी जाणार तो दुसऱ्याच्या हातातल्या फोनवर. तीच गत लिंक्डइनची. अनेकांनी ते खातं ऑफिसच्या मेलवर उघडलेलं असतं. लोकांना त्याचा दुवा दिला आणि पुढे पासवर्ड विसरला, तर तो बदलायचं पत्र बंद पडलेल्या पेटीत जातं. आधी आपला खासगी मेल तिथे जोडावा, मग दुवा द्यावा.

मोबाइल नंबर आठशे जणांना द्यावा का? मी देणार नाही. खासगी मेल आणि लिंक्डइन सगळ्यांना पुरे. नंबर जवळच्यांच्या वेगळ्या मेलमध्ये. जे काही द्याल ते टाइप केलेलं असावं. सुंदर रंगीत कार्डाचं चित्र चिकटवलं तर त्यातला पत्ता ना कॉपी होतो, ना शोधता येतो. आणि पाठवण्याआधी त्या पत्त्यावर दुसऱ्या फोनवरून एक मेल टाकून बघावा. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर ते कळवायला नंतर खातं नसतं.

आउटलुकच्या संगणकावरच्या जुन्या आवृत्तीत Direct Replies To नावाची सोय आहे. तिथे खासगी पत्ता टाकला की या मेलला आलेली उत्तरं थेट तिकडे जातात. सोय चांगली, पण काही कंपन्यांच्या सुरक्षा नियमांत ती बसत नाही, तेव्हा आयटीला आधी विचारावं. ऑफिसची सगळी संपर्कयादी मात्र कधीही स्वतःच्या मेलवर पाठवू नये. शेवटच्या आठवड्यात जाणाऱ्या माणसाच्या मेलवर यंत्रणेचं बारीक लक्ष असतं, आणि ती यादी कंपनीची असते. ग्राहकांना आणि पुरवठादारांना हा मेल न पाठवलेलाच बरा. त्यांना कळवायचं काम साहेबांच्या संमतीने वेगळ्या पत्राने व्हावं. पेरोलकडे खासगी पत्ता अलग नोंदवावा, कारण या वर्षाचा टीडीएसचा दाखला पुढच्या जूनमध्ये येणार आणि निरोपाचा मेल तेव्हा तिथे कुणी उघडून बघणार नाही.

एक गोष्ट मेलने होतच नाही. हाऊसकीपिंगच्या मावशी, गेटवरचे सिक्युरिटीचे काका, कँटीनमधली मुलं ही माणसं कंत्राटदाराकडची असतात. बहुतेक ठिकाणी त्यांना कंपनीचा मेल नसतो. ‘कँटीनपासून मॅनेजमेंटपर्यंत सर्वांचे आभार’ हे वाक्य वाचतं ते फक्त मॅनेजमेंट. त्यांना भेटायला दुपारी तीन ते चार हा वेळ राखून ठेवावा.

आणि हा मेल तुम्हाला आला असेल, तर उत्तर एकट्या पाठवणाऱ्याला द्या, तेही खातं चालू आहे तोवर. त्यातला पत्ता आजच स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घ्या. मेल आहे तुमच्या ऑफिसच्या पेटीत, आणि ती पेटीही कंपनीचीच आहे.