शून्य भाराची पायरी

कार्ल हॉइन या जर्मन गणितज्ञाने १९०० साली मांडलेली एक पद्धत आज अशा छोट्याशा कोष्टकात लिहितात:

```
 ०  |
१/३ | १/३
२/३ |  ०    २/३
----+----------------
    | १/४    ०    ३/४
```

तळच्या ओळीत मधोमध एक शून्य बसलं आहे, ते लक्षात असू द्या. या लेखात आपण त्याच्याच मागे लागणार आहोत.

हे कोष्टक अवकल समीकरणं आकड्यांनी सोडवण्यासाठी आहे. गरम चहाचं तापमान किती वेगाने उतरतंय, हे त्याच्या आत्ताच्या तापमानावर ठरतं. असा बदलाचा नियम ठाऊक असतो, पण प्रत्यक्ष तापमान काढायचं असतं. नियम y' = f(y) असा लिहितात. आत्ताची किंमत नियमात घातली की आत्ताचा उतार मिळतो, म्हणजे बदलाचा वेग. मग h एवढा छोटा काळ पुढे सरकायचं. सबंध h भर हाच उतार टिकेल असं धरलं तर ती ऑयलरची पद्धत झाली. पण उतार वाटेत बदलत राहतो, त्यामुळे ती बरीच ढोबळ ठरते.

कार्ल रुंगेने १८९५मध्ये सुचवलेली युक्ती अशी, की मध्येच एक-दोन ठिकाणी डोकावून तिथले उतार मोजायचे आणि त्यांची भारित सरासरी घेऊन मगच खरं पाऊल टाकायचं. हॉइनचं कोष्टक हेच सांगतं. डावीकडचा स्तंभ म्हणजे कुठे डोकवायचं: सुरुवातीला, एक तृतीयांश वाटेवर आणि दोन तृतीयांश वाटेवर. तिथवर पोचताना आधीचा कोणता उतार किती वापरायचा, हे त्या त्या ओळीतले आकडे सांगतात. तळच्या ओळीत शेवटच्या सरासरीतले भार आहेत. प्रत्येक ओळीतल्या आकड्यांची बेरीज डावीकडच्या आकड्याएवढी यायला हवी, आणि ती येते.

आता ते शून्य. दुसरा उतार मोजायचा, त्यासाठी नियमाचं एक पूर्ण गणित खर्ची घालायचं आणि अंतिम सरासरीत त्याला काहीच भार द्यायचा नाही? मग तो मोजायचाच कशाला?

उत्तरासाठी खऱ्या उत्तराची टेलर श्रेणी पाहावी लागते. h च्या पहिल्या घाताला नुसता उतार f येतो. दुसऱ्या घाताला उताराचा बदल, म्हणजे f'f, येतो. तिसऱ्या घाताला मात्र एकाऐवजी दोन पदं येतात: f''ff आणि f'f'f. पहिलं नियमाच्या वक्रतेतून येतं. दुसरं साखळीतून येतं, म्हणजे किंमत बदलली की उतार बदलतो आणि उतार बदलला की पुन्हा किंमत बदलते. श्रेणीत या दोन्हींना h³/६ हाच सहगुणक आहे.

पद्धतीने काढलेलं उत्तरही अशाच श्रेणीत मांडता येतं. h च्या तिसऱ्या घातापर्यंत दोन्ही श्रेणी जुळल्या, तर ती पद्धत तिसऱ्या ऑर्डरची. समीकरण कोणतंही असू शकतं, म्हणून एका पदातली तूट दुसऱ्याकडून भरून काढता येत नाही. प्रत्येक पद वेगळं जुळावं लागतं. पहिल्या घाताची एक, दुसऱ्याची एक आणि तिसऱ्याच्या दोन अशा चार अटी झाल्या. भारांना b, डावीकडच्या स्तंभाला c आणि आतल्या आकड्यांना a म्हटलं, तर त्या अशा दिसतात:

```
Σ b      = १
Σ b c    = १/२
Σ b c²   = १/३
Σ b a c  = १/६
```

हॉइनच्या कोष्टकात आकडे घालून बघू. भारांची बेरीज १/४ + ३/४, म्हणजे १. दुसऱ्या अटीत ३/४ गुणिले २/३, म्हणजे १/२. तिसरीत ३/४ गुणिले ४/९, म्हणजे १/३. या तिन्ही ठिकाणी दुसऱ्या पायरीचा भार शून्य असल्याने ती कुठे दिसतच नाही.

चौथी अट वेगळी आहे. तिच्यात तिसऱ्या उताराचा भार ३/४ घ्यायचा, तो उतार दुसऱ्यावर किती टेकला आहे ते २/३ घ्यायचं आणि दुसरा उतार कुठे मोजला ते १/३ घ्यायचं. गुणाकार बरोबर १/६. दुसऱ्या पायरीचं सगळं काम या एका गुणाकारात आहे. तिने मोजलेला उतार सरासरीत येत नाही, पण तिसऱ्या पायरीला योग्य जागी नेऊन सोडतो.

ती पायरी गाळली तर काय बिघडतं, तेही पाहू. समजा, प्रोग्रॅम लिहिताना २/३ हा आकडा चुकून एक घर डावीकडे पडला, म्हणजे तिसरी पायरी दुसऱ्याऐवजी पहिल्या उतारावर टेकली. ओळीची बेरीज तीच राहते आणि पहिल्या तीन अटीही पूर्ण होतात. y' = t² यासारख्या, फक्त वेळेवर अवलंबून असलेल्या समीकरणावर चाचणी घेतली तर उत्तर अगदी अचूक येतं. प्रोग्रॅम लिहिणारा खूश होऊन घरी जातो.

आता y' = y घ्या. सुरुवात १ पासून, h = ०.१. खरं उत्तर १.१०५१७०९. हॉइनची पद्धत १.१०५१६६७ देते, तर चुकलेलं कोष्टक १.१०५. यात h³/६ हे पद गायबच झालं आहे, म्हणजे पद्धत दुसऱ्या ऑर्डरवर घसरली.

खरं समीकरण सोडवताना नेमकं उत्तर हाती नसतं, तेव्हा ही घसरण डोळ्याला दिसत नाही. म्हणून आधी उत्तर ठाऊक असलेल्या समीकरणावर h निम्मं करून बघतात. याच समीकरणात t = १ पर्यंत गेलं, तर हॉइनची चूक सुमारे ०.०००१०५ येते आणि h = ०.०५ केल्यावर ०.००००१३६ होते, म्हणजे जवळपास आठपट कमी. चुकलेल्या कोष्टकाची चूक ०.००४२ वरून ०.००११ वर येते, जेमतेम चौपट कमी. आठ आणि चार यांतला फरक म्हणजे तिसऱ्या आणि दुसऱ्या ऑर्डरमधला फरक.

मात्र एकट्या y' = y वरही विसंबू नये. त्यात नियम सरळ रेषेचा असल्याने f'' शून्य असतं आणि तिसरी अट मोडली तरी पत्ता लागत नाही. एक चाचणी तिसऱ्या अटीकडे बघते, दुसरी चौथीकडे. y' = y² मध्ये दोन्ही पदं येतात, पण तिथे एकीतली चूक दुसरीने झाकली जाण्याची शक्यता उरते. त्यापेक्षा कोष्टकावरून थेट चार बेरजा करणं मला जास्त भरवशाचं वाटतं. ते काम कागदावर पाच मिनिटांत होतं.

ही कोष्टकाची मांडणी न्यूझीलंडचे गणितज्ञ जॉन बुचर यांची. १९६०च्या दशकात त्यांनी प्रत्येक अटीमागे एक छोटं झाड असतं हे दाखवून दिलं. एका मुळातून दोन फांद्या फुटल्या की आपली तिसरी अट मिळते आणि एकावर एक अशी सरळ काडी उभी राहिली की चौथी. अटी मोजायच्या तर झाडं मोजायची. चौथ्या ऑर्डरपर्यंत आठ होतात, पाचव्यापर्यंत सतरा, आठव्यापर्यंत दोनशे.

झाडांचा हा हिशेब हाताशी नसताना विल्हेल्म कुट्टाने १९०१ साली पाचव्या ऑर्डरपर्यंत मजल मारली होती. त्याच्या पाचव्या ऑर्डरच्या कोष्टकात चूक राहिली आणि ती फिनलंडच्या न्यूस्ट्रॉमने १९२५ साली दुरुस्त केली.