रेंडर लावला की कॉम्प्युटर रीस्टार्ट

लग्नसराईत व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या स्टुडिओंकडून एक तक्रार हमखास येते. कॉम्प्युटर दिवसभर व्यवस्थित चालतो, पण रेंडर लावला की काही सेकंदांत स्क्रीन काळी होते आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं. निळी स्क्रीन येत नाही, कुठला मेसेज दिसत नाही. मग नेहमीचे उपाय सुरू होतात. विंडोज नव्याने टाकतात, रॅम काढून खोडरबरने घासतात, कोणी व्हायरसचं नाव घेतं. हजार-दोन हजार रुपये जातात आणि पुढच्या रेंडरला पुन्हा तेच होतं.

संशय चार ठिकाणी असतो: एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, उष्णता, भिंतीतून येणारी वीज आणि रॅम. वरवर चौघांचा परिणाम सारखाच दिसतो. पण मशीन नेमकं कधी आणि कसं बंद पडलं, बंद पडल्यावर काय झालं, हे नीट पाहिलं तर फरक बराच कळतो. म्हणून पार्ट बदलण्याआधी थोडा वेळ नुसतं निरीक्षण करावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

अशाच एका स्टुडिओतलं मशीन माझ्याकडे आलं होतं. साडेचारशे वॅटचा, सात-आठ वर्षं जुना एसएमपीएस. त्यावर नंतर घेतलेलं सुमारे 220 वॅट खाणारं ग्राफिक्स कार्ड आणि जोर लागल्यावर नव्वदेक वॅट घेणारा प्रोसेसर. मदरबोर्ड, डिस्क, पंखे धरले तरी बेरीज साधारण साडेतीनशे. कागदावर हिशेब बसत होता, म्हणून एसएमपीएसकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

आधी Event Viewer उघडला. System लॉगमध्ये प्रत्येक रीस्टार्टला Kernel-Power, Event ID 41 अशी नोंद होती. ही नोंद कारण सांगत नाही. मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच सांगते. पण तिच्या Details मध्ये BugcheckCode असतो. तो 0 नसेल, तर विंडोजला मरता मरता काही लिहायला वेळ मिळाला, म्हणजे ड्रायव्हर किंवा रॅमकडे बघायचं. तो 0 असेल, तर बहुधा वीजच एकदम गेली. इथे प्रत्येक वेळी 0 होता.

मग उष्णता. HWiNFO मध्ये दर दोन सेकंदांनी तापमान फाइलमध्ये लिहायला लावलं आणि रेंडर सुरू केला. मशीन पडल्यावर फाइलची शेवटची ओळ पाहिली: प्रोसेसर 64 अंश, कार्ड 57. उष्णतेने पडणारं मशीन असं वागत नाही. तापमान चढायला काही मिनिटं लागतात, नव्वदीच्या पुढे प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, पंखे ओरडू लागतात, रेंडर मंदावतो. त्यानंतरही आवरलं नाही तर मशीन बंद होतं आणि सहसा बंदच राहतं. गरम मशीन लगेच पुन्हा चालू केलं, तर आधीपेक्षा लवकर पडतं. इथे थंड मशीन विसाव्या सेकंदाला पडत होतं.

एसएमपीएस खराब होताना मशीन बंद न पडता रीस्टार्ट का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. एसएमपीएस मदरबोर्डला 12 व्होल्ट वगैरे पुरवतोच, शिवाय ‘पॉवर गुड’ नावाचा एक सिग्नल देत असतो. जुन्या रंगीत वायरिंगमध्ये ती करडी तार. 12 व्होल्टची लाइन 11.4 च्या खाली जाता कामा नये, असं मानक आहे. ती फार खाली ढळली की सिग्नल जातो आणि मदरबोर्ड सगळं जागच्या जागी रीसेट करतो. रीसेट होताच रेंडरचा भार संपतो, व्होल्टेज परत चढतं, सिग्नल येतो आणि मशीन काही घडलंच नाही असं सुरू होतं. आतले कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतात, त्यामुळे अचानक आलेला ओढा सांभाळायची त्यांची ताकद कमी होते. आणि ग्राफिक्स कार्डाचा ओढा एकसारखा नसतो. 220 वॅटचं कार्ड मिलिसेकंदापुरतं त्याच्या दीडपट-दुप्पट मागू शकतं. साडेतीनशेची बेरीज म्हणूनच फसवी असते.

हा झटका साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. तो फार हळू वाचतो. म्हणून भार वाटून पाहिला. फक्त प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी तासभर चालली. फक्त ग्राफिक्स कार्डावरची चाचणीही बराच वेळ टिकली. दोन्ही एकत्र लावल्या आणि अर्ध्या मिनिटात रीस्टार्ट. मग कार्डाची पॉवर लिमिट 65 टक्क्यांवर आणली. तोच रेंडर पूर्ण झाला, फक्त हळू. यासाठी एक रुपयाही लागत नाही, आणि बोट बऱ्यापैकी स्पष्टपणे एसएमपीएसकडे जातं. बऱ्यापैकीच म्हणतो, कारण कार्डात किंवा मदरबोर्डवरच्या पॉवर सर्किटमध्ये दोष असला तरी असं होऊ शकतं.

विजेचा संशय आमच्याकडे लोक लवकर घेतात, आणि गावाकडे व्होल्टेज खरंच पडतं. पण बहुतेक नवे एसएमपीएस 100 ते 240 व्होल्टवर चालतात. संध्याकाळी 190 आले म्हणून चांगला एसएमपीएस पडत नाही. क्षणभराचा खंड मात्र त्रास देतो. त्याच बोर्डावरचा दिवा मिचकावला का, मॉनिटर स्वतःच बंद झाला का, की त्याचा दिवा चालू राहून फक्त No Signal आलं, ते पाहावं. यूपीएसचंही तसंच. 600 व्हीएचे बरेच यूपीएस 360 वॅटच देतात, आणि बॅटरी थकलेली असेल तर लाइट जाताच मशीन जातं. आम्ही यूपीएस काढून थेट भिंतीच्या सॉकेटला जोडलं. रीस्टार्ट तसाच.

रॅम उरली. खराब रॅम भाराची वाट पाहत नाही. ब्राउझर मध्येच बंद होतो, झिप फाइल उघडत नाही, निळी स्क्रीन येते आणि दर वेळी वेगळा कोड दाखवते. MemTest86+ रात्रभर चालवला, सकाळी एरर शून्य. एक जरी एरर आली असती, तरी आधी बायोसमधलं XMP बंद करून पुन्हा चाचणी घेतली असती. कित्येकदा रॅम चांगली असते, वेग झेपत नसतो.

शेवटी दुकानातला चांगला 650 वॅटचा एसएमपीएस तात्पुरता जोडला. पॉवर लिमिट परत 100 वर, दोन्ही चाचण्या एकत्र, मग खरा रेंडर. मशीन हललं नाही. असा बदली एसएमपीएस लावून पाहणं हीच शेवटची खात्री. कारखान्यातली उपकरणं आपल्याकडे नसतात.

जुना एसएमपीएस उघडून कपॅसिटर बदलून देतो म्हणणारे भेटतात. घरी हे करू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. आणि नवा मॉड्युलर एसएमपीएस आणलात तर त्याच्याच केबल वापरा. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक मॉडेलची वेगळी असू शकते. जुनी केबल बसते म्हणून लावली, तर पहिल्याच स्टार्टला हार्ड डिस्क जळते, आणि तिच्यात लोकांची लग्नं असतात.