संगणकाची निगा, लेखांक ६ : रीसेट केल्यावर काय काय परत येतं?

गेल्या आठवड्यात टास्क मॅनेजर उघडून लॅपटॉप कशामुळे मंदावतो याचा माग काढला. तरीही लॅपटॉप रेंगाळतच असेल, तर शेवटी विंडोज नव्याने टाकण्यावर येऊन ठेपतं. त्याच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे सेटिंग्जमधलं Reset this PC, आणि दुसरी म्हणजे पेन ड्राइव्हवरून संपूर्ण कोरी मांडणी. बहुतेक जण पहिली वाट धरतात, कारण ती दोन-चार क्लिकमध्ये होते. तिच्याने काय जातं आणि काय जात नाही, हे आधी कळलं तर एक अख्खी दुपार वाचते.

विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या डिस्कवर दहा-वीस जीबीचा रिकव्हरी कप्पा असायचा आणि त्यात कारखान्यातून निघालेल्या विंडोजची पूर्ण प्रत असायची. ती टाकली की लॅपटॉप खरेदीच्या दिवशी होता तसा व्हायचा आणि मग वर्षानुवर्षांचे अपडेट पुन्हा घ्यावे लागायचे. विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने ही पद्धत बदलली. आता रिकव्हरी कप्पा सहसा काहीशे एमबी ते एक जीबीचाच असतो, आणि त्यात फक्त दुरुस्तीची हत्यारं असतात. रीसेटचं नवं विंडोज उभं राहतं ते तुमच्याच C: ड्राइव्हवरच्या WinSxS या फोल्डरातल्या फायलींमधून. त्यामुळे बरेचसे अपडेट टिकून राहतात, हा मोठा फायदा. पण त्या फायलींमध्येच बिघाड असेल, तर तो नव्या विंडोजमध्येही उतरू शकतो. त्यावर Cloud download हा पर्याय आहे. तो निवडला की साधारण चार जीबीच्या ताज्या फायली मायक्रोसॉफ्टकडून उतरवल्या जातात आणि हा वारसा तुटतो.

दुसरा वारसा मात्र क्लाउड डाउनलोडनेही तुटत नाही. C:\Recovery या लपवलेल्या फोल्डरात लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने आपले प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज यांचं गाठोडं बरेचदा ठेवलेलं असतं. रीसेट करताना विंडोज ते गाठोडं उघडून नव्या मांडणीवर पुन्हा बसवतं. Remove everything निवडलं तरी तुमच्या फायली आणि तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम तेवढे जातात, कंपनीने टाकलेलं सामान सहसा परत येतं.

माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर हेच झालं. २०२१ सालचा, अकराव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. अशा यंत्राने ब्राउझर उघडायला खोळंबून राहण्याचं काही कारण नाही. आम्ही क्लाउड डाउनलोडसह सगळं पुसून रीसेट केलं. लॅपटॉप सुरू झाला तेव्हा मुदतीचा अँटिव्हायरस, कंपनीचा अपडेट सहायक, सतत टिपा दाखवणारा मदतनीस, सगळे आपापल्या जागी हजर होते. त्या रेंगाळण्याला तेच कारण होते.

हे रीसेटच्या आधीच ओळखता येतं. विंडोजचं बटण आणि R दाबून `msconfig` टाइप करा. Services मध्ये Hide all Microsoft services वर खूण करून उरलेल्या सेवा बंद करा, टास्क मॅनेजरमधले स्टार्टअप प्रोग्रॅमही बंद करा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. आता तो चपळ झाला, तर दोष वरून बसवलेल्या सॉफ्टवेअरचा आहे. बंद केलेली नावं वाचा. तुम्ही स्वतः टाकलेले प्रोग्रॅम असतील तर ते काढून टाका किंवा सरळ रीसेट करा, तेवढं पुरतं. लॅपटॉपच्या कंपनीचीच नावं जास्त असतील, तर रीसेटचा सहसा उपयोग नाही, कोरी मांडणीच बरी. ही चाचणी फार वेळ चालू ठेवू नका, कारण तिच्यात अँटिव्हायरसही बंद होऊ शकतो. पाहून झालं की सगळं पूर्ववत करा.

सगळं बंद करूनही लॅपटॉप रेंगाळलाच, तर डिस्ककडे बघा. पॉवरशेलमध्ये हे द्या:

```
Get-PhysicalDisk | Select FriendlyName, MediaType, HealthStatus
```

MediaType पुढे HDD आलं, म्हणजे आत फिरती हार्ड डिस्क आहे. तिच्यावर विंडोज कितीही वेळा टाकलं तरी फरक थोडाच पडेल. तिथे एसएसडी बसवणं हाच उपाय. HealthStatus पुढे Healthy सोडून दुसरं काही दिसलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी फायली दुसरीकडे काढा.

कोऱ्या मांडणीसाठी किमान आठ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल लागतं. लायसन्सची चिंता सहसा नको. विंडोज ८ नंतर विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते, आणि त्याच आवृत्तीचं, म्हणजे होम असेल तर होमच, विंडोज टाकलं की ते आपोआप सक्रिय होतं. म्हणूनच दुकानात होमच्या जागी ‘प्रो’ टाकून दिलेलं मला पटत नाही. Activation च्या पानावर घरच्या लॅपटॉपला organization's activation service असं लिहून आलं, तर बहुधा चोरीचा अ‍ॅक्टिव्हेटर वापरलेला असतो, आणि त्यासोबत आणखी काय आत आलं हे सांगता येत नाही.

आता डिस्क निवडण्याचा पडदा. आपल्याकडे एकाच डिस्कचे C: आणि D: असे भाग करून फोटो D: वर ठेवायची सवय आहे. Disk 0 वरचे सगळे भाग पुसले तर तो D: सुद्धा जातो. आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या, त्या प्रती उघडून बघा, आणि मगच पुसायला हात लावा. टॅली वापरत असाल तर तिचं लायसन्स आधी सरेंडर करा. श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर असतील तर त्यांचे इन्स्टॉलर आणि फॉन्ट जपून ठेवा, नाहीतर जुने मजकूर उघडतील पण वाचता येणार नाहीत.

भाचीच्या लॅपटॉपवर कोरी मांडणी करताना तो पडदा आला तेव्हा डिस्कची यादी रिकामीच होती. ती घाबरली, डिस्क गेली असंच तिला वाटलं. डिस्क शाबूत होती. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असते आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पेन ड्राइव्हमध्ये नसू शकतो. लॅपटॉपच्या मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या सपोर्ट पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेतला, तो उलगडून .inf फायली असलेलं फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवलं आणि Load driver मधून दाखवलं. डिस्क लगेच दिसली. वायफायचा ड्रायव्हरही असाच आधी उतरवून ठेवावा, कारण विंडोज ११ होम सुरुवातीलाच इंटरनेट मागतं आणि ड्रायव्हर नसेल तर तिथेच अडकायला होतं.

नंतर विंडोज अपडेटने बहुतेक ड्रायव्हर आपणहून आणले. कंपनीच्या सामानापैकी एकच प्रोग्रॅम आम्ही मुद्दाम परत घेतला, तो म्हणजे बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवणारा. कारण तिचा लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच जोडलेला असतो.