विश्लेषण : धनुर्वातात शरीर ताठरते, बोटुलिझममध्ये लुळे पडते, असे का?

धनुर्वातात जबडा घट्ट बसतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. बोटुलिझममध्ये पापण्या जड होतात, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. लक्षणे इतकी उलट, तरी धनुर्वाताचे विष आणि बोटुलिनमचा ‘बी’ प्रकार एकच प्रथिन, तेही नेमके एकाच जागी कापतात. हे १९९२ मध्ये इटलीतील शास्त्रज्ञांनी दाखवले.

सिनॅप्टोब्रेव्हिन हे ते प्रथिन. मज्जातंतूच्या टोकाशी निरोप पोहोचवणाऱ्या रसायनांच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्या बाहेर रित्या व्हायला हे प्रथिन लागते. ते तुटले, की निरोप थांबला.

मग फरक कुठे? जागेत. बोटुलिनम मुख्यतः स्नायूजवळच्या टोकातच काम करते. तिथे ॲसिटिलकोलिन अडते आणि स्नायूला आकुंचनाचा आदेशच मिळत नाही. धनुर्वाताचे विषही याच टोकातून शिरते. पण तंतूतून वर सरकत मज्जारज्जू गाठते आणि स्नायूंना आवर घालणाऱ्या शेजारच्या पेशींत जाते. तिथे ग्लायसिन आणि गाबा अडतात. थोडक्यात, ब्रेकच निकामी! मग दार आपटल्याच्या आवाजानेही सर्वांगाला झटका येतो.

खिळा पायात रुतला, तरी बहुधा आधी जबडाच का धरतो? विष रक्तातून सगळीकडच्या स्नायूंपर्यंत पोहोचते. त्यात जबड्याच्या तंतूंची वाट सर्वांत आखूड. पायाकडून निघालेल्या विषाला मज्जारज्जू गाठायला जास्त दिवस लागतात.

प्रतिविषाचे इंजेक्शन तातडीने देतात ते यामुळेच. ते रक्तात मोकळे फिरणारे विष निकामी करते; तंतूत शिरलेल्या विषापर्यंत ते पोहोचत नाही.