टाकीची सावली किती महाग?

डिसेंबरात दुपारी साडेतीनला पुण्यात सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर असतो. गच्चीवरची तीन मीटर उंचीची जिन्याची खोली तेव्हा पाच मीटरच्याही पुढे, ईशान्येला सावली टाकते. मे महिन्यात भर दुपारी हीच सावली भिंतीच्या पायाशी गोळा झालेली असते. सोलर बसवणारा माणूस मोजमापाला मेमध्ये आला, तर ती त्याला दिसतही नाही.

समजा, अशा गच्चीवर ५४० वॉटची सहा पॅनेल बसली आणि हिवाळ्यातल्या दुपारी त्यांतली दोन सावलीत जाऊ लागली. मग कोणीतरी सांगतो, ‘एका पॅनेलवर सावली आली की सगळी माळ बंद पडते, तेव्हा साधा इन्व्हर्टर नकोच.’ ही भीती अर्धीच खरी आहे.

साध्या म्हणजे स्ट्रिंग इन्व्हर्टरला सगळी पॅनेल एका माळेत जोडलेली असतात आणि माळेतून वाहणारा विद्युतप्रवाह सगळीकडे सारखाच राहतो. सावलीतल्या पॅनेलला समजा वीस टक्केच ऊन मिळाले, तर ते प्रवाहही तेवढाच देऊ शकते. बाकीच्या चार पॅनेलनी त्याच्या चालीने चालायचे ठरवले, तर सहा पॅनेल मिळून जेमतेम सव्वा पॅनेलचे काम होते. पण प्रत्येक पॅनेलमध्ये सहसा तीन बायपास डायोड असतात. ते प्रवाहाला सावलीतला भाग टाळून जाणारी आडवाट देतात. त्या वाटेने गेल्यास दोन पॅनेल वगळली जातात आणि उरलेली चार त्यांना मिळणाऱ्या उन्हाप्रमाणे पूर्ण वीज देतात.

सव्वा की चार, हे इन्व्हर्टर ठरवतो. जास्तीत जास्त वीज कुठे मिळते, हे तो व्होल्टेज थोडे मागेपुढे करून सतत शोधत असतो. सावली आली की अशा जागा एकाऐवजी दोन होतात, एक बुटकी आणि एक उंच. नुसते आसपास चाचपडणारा इन्व्हर्टर बुटक्या जागेवरच अडकतो. म्हणून बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये अधूनमधून व्होल्टेजचा सगळा पट्टा तपासून पाहण्याची सोय असते. मात्र काही मॉडेलांत ती आधीपासून चालू नसते, मेनूत जाऊन चालू करावी लागते.

मायक्रोइन्व्हर्टर हा पेचच येऊ देत नाही. प्रत्येक पॅनेलखाली त्याचा स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर असतो. ऑप्टिमायझर हे त्यातले मधले रूप आहे. पॅनेलमागची डबी त्या पॅनेलचा प्रवाह माळेशी जुळवून घेते आणि घरात एकच इन्व्हर्टर राहतो. दोन्हींत सावलीतली पॅनेलही आपापली वीस टक्के वीज देतात, म्हणजे चारच्या जागी ४.४ पॅनेलची वीज मिळते.

हा ०.४ चा फरक वर्षाकाठी किती होतो? दुपारचे उतरते ऊन निम्म्या ताकदीचे धरले, तर सुमारे १०८ वॉट. रोज दोन तास आणि वर्षात १२० दिवस सावली धरली, तर २६ युनिट. ही सहा पॅनेल वर्षाला साधारण साडेचार हजार युनिट देतील, त्यापुढे हे किरकोळच. पण इन्व्हर्टर बुटक्या जागेवर अडकून राहिला, तर त्याच हिशेबाने १८० युनिट जातात. म्हणजे या गच्चीवर महागड्या उपकरणापेक्षा मेनूतले ते एक बटण जास्त मोलाचे आहे.

सावली दाट असेल तर मात्र गणित उलटते. अमेरिकेच्या एनआरईएल या संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात दोन संच शेजारी ठेवून चाचणी घेतली. वर्षभरात मायक्रोइन्व्हर्टरने हलक्या सावलीत ३.७, मध्यम सावलीत ७.८ आणि दाट सावलीत १२.३ टक्के जास्त वीज दिली. शेजारची इमारत सकाळी एका बाजूला आणि नारळ दुपारी दुसऱ्या बाजूला सावली टाकत असेल, तर हा फरक खरा जाणवतो. त्यात माळ सहाचीच असेल आणि चार पॅनेल सावलीत गेली, तर उरलेल्या दोनांचे व्होल्टेज ७५-८० च्या आसपास येते. तेवढ्यावर अनेक स्ट्रिंग इन्व्हर्टर नीट चालतच नाहीत. तिथे मायक्रोइन्व्हर्टरच घ्यावा. त्याची मोठी उणीव अशी, की तो पॅनेलखालच्या उष्णतेत राहतो आणि बिघडला तर पॅनेल उचलावे लागते. ऑप्टिमायझर घेताना माळेत किमान किती पॅनेल लागतात, ते आधी विचारावे. काही कंपन्यांच्या संचात ही संख्या आठ असते, म्हणजे सहाच्या गच्चीवर तो बसणारच नाही. काही ऑप्टिमायझर मात्र फक्त सावलीतल्या पॅनेलपुरतेही लावता येतात.

आधीच स्ट्रिंग इन्व्हर्टर बसला असेल, तर हिवाळ्यात सावली पडताना त्याच्या पडद्यावर किंवा ॲपवर डीसी व्होल्टेज पाहावे. दोन पॅनेल सावलीत असताना ते दीडशे ते पावणेदोनशेवर उतरले, तर इन्व्हर्टरने आडवाट शोधली आहे. वीज कोसळली आणि व्होल्टेज अडीचशेच्या आसपासच राहिले, तर तो अडकला आहे. अशा वेळी बसवणाऱ्याला बोलावून ती तपासणीची सोय चालू करून घ्यावी.