स्पीकरफोनवर समोरच्याला स्वतःचाच आवाज परत का ऐकू येत नाही?

स्पीकरमधून निघालेला समोरच्याचा आवाज भिंतींवर, टेबलावर आपटून तुमच्या माइकमध्ये शिरतोच. पण स्पीकरला पाठवलेल्या मूळ आवाजाची प्रत फोनकडे असते. तिच्यावरून अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टर प्रतिध्वनीचा अंदाज बांधतो आणि माइकच्या सिग्नलमधून तो वजा करतो.

सेकंदाला 16,000 नमुने घेतले, तर 100 मिलिसेकंदांच्या प्रतिध्वनीसाठी या फिल्टरला 1,600 गुणक लागतात. वजाबाकीनंतर उरते ती चूक. ती पाहून गुणक सतत थोडेथोडे सुधारले जातात. फोन सरकवला की आवाजाची वाट बदलते, म्हणून क्षणभर प्रतिध्वनी डोकावतो.

खरी अडचण दोघं एकदम बोलले की येते. तुमचा आवाजही चूक समजून फिल्टर भरकटू शकतो. म्हणून तेवढ्यापुरतं त्याचं शिकणं थांबवतात. वजाबाकी मात्र चालूच राहते.